आजी हरवू नये म्हणून

दोन शैली एकाच चित्रात मिसळायला बसलं की शैली बहुतेक वेळा कशाबशा जमतात, पण ज्याचं चित्र करायचं तो माणूस मात्र हातातून निसटतो. चेहरा असतो, चष्मा असतो, केसही पांढरे असतात, आणि तरीही ती कुणाची तरी आजी असते, आपली नसते.

माझ्या मैत्रिणीला तिच्या आजीचं चित्र हवं होतं. तिच्याकडे एक चांगला फोटो होता. खिडकीच्या बाजूने उजेड आलेला, मान जराशी डावीकडे कललेली, गोल काचांचा चष्मा नाकावर किंचित खाली उतरलेला, वरच्या ओठाशेजारी तीळ. "लाकडी ठशासारखं ठसठशीत कर, पण जलरंगासारखं ओलंही दिसू दे," ही तिची मागणी. मी चित्रं काढते, पण गेली काही वर्षं संगणकावर चित्र तयार करणाऱ्या मॉडेलांशीही खेळते. हे काम मी तिथे करायचं ठरवलं, कारण तिची मागणी ऐकूनच लक्षात आलं होतं की हा प्रश्न हाताच्या कौशल्याचा कमी आणि मापांचा जास्त आहे.

शैलीसाठी नमुने म्हणून दोन जुने चित्रकार निवडले. ठशासाठी फेलिक्स वालोतों (१८६५–१९२५), ज्याने १८९० च्या दशकात असे लाकडी ठसे केले की त्यांत करडा रंग जवळपास नाहीच: सपाट काळं, सपाट पांढरं, आणि दोघांच्या मध्ये चाकूने कापलेली कड. जलरंगासाठी टर्नर (१७७५–१८५१), ज्याच्या उतारवयातल्या जलरंगांत कड शोधावी लागते. आकाश, पाणी आणि किनारा एकमेकांत विरघळलेले असतात. दोघांना जाऊन बराच काळ लोटल्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही, हा एक फायदा. दुसरा असा की दोघं इतके टोकाचे आहेत की मिश्रण कुठे बिघडतंय ते लगेच दिसतं.

साधन म्हणून कम्फीयूआय या, चित्र करण्याचे टप्पे स्वतः जोडू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसडीएक्सएल हे चित्र तयार करणारं मॉडेल, शैलीचे नमुने आत सोडायला आयपी-अ‍ॅडॅप्टर, आणि आजीचा आकार धरून ठेवायला कंट्रोलनेट. नावं जड वाटतात, पण काम सोपं आहे. आयपी-अ‍ॅडॅप्टर मॉडेलला सांगतो, "या नमुन्यासारखं काढ." कंट्रोलनेट सांगतो, "पण रेषा इथेच असू देत." प्रत्येकाला एक जोर असतो, तो आपण आकड्याने ठरवतो.

इथे पहिली गोम आहे, आणि ती समजली नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. शैलीच्या जोरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: दोन शैलींमधलं प्रमाण, आणि दोघींचा मिळून एकूण जोर. वालोतों ०.५ आणि टर्नर ०.५ लावलं की माणसाला वाटतं, अर्धं-अर्धं झालं. तसं होत नाही. आयपी-अ‍ॅडॅप्टर चित्रात काय हवं ते सांगायला तुम्ही लिहून दिलेल्या शब्दांमधून आलेल्या ओढीला हात लावत नाही. नमुन्याची ओढ तिच्यावर वरून मिळवतो. दोन अ‍ॅडॅप्टर एकामागे एक जोडले तर दोन ओढी मिळवल्या जातात. म्हणजे ०.५ आणि ०.५ ही वाटणी नाही, बेरीज आहे. "गोल चष्मा घातलेली वृद्ध स्त्री, मान कललेली" हे तुमचे शब्द त्या बेरजेखाली दबत जातात. शब्द दबले की आजीचं वय, चष्मा, कललेली मान ही माहिती आधी जाते, कारण ती नमुन्यांत कुठेच नसते.

मिडजर्नी या चित्र तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये या दोन गोष्टी निदान वेगवेगळ्या लिहाव्या लागतात, म्हणून शिकायला तो बरा:

```
PHOTO_URL elderly woman, round glasses --sref URL1::2 URL2::1 --sw 150 --iw 1.5 --seed 4127
```

इथे `::2` आणि `::1` हे दोन शैलींमधलं प्रमाण, `--sw` हा त्यांचा एकूण जोर (० ते १०००, काही न लिहिल्यास १००), आणि `--iw` हे सुरुवातीला दिलेल्या आजीच्या फोटोचं वजन. प्रमाण न बदलता `--sw` खाली आणला तर दोन्ही शैली एकत्र फिक्या होतात, आणि आजी हळूहळू परत येते. चेहरा बिघडलेला दिसला की लोक आधी प्रमाणाशी झटापट करतात, पण बहुतेक वेळा हात एकूण जोराकडे जायला हवा. मात्र मिडजर्नीत आत काय कुठे लागतंय हे फारसं दिसत नाही, म्हणून आजीसाठी मी कम्फीयूआयवरच राहिले.

एक जुनी गोष्ट आठवली. २०१५ मध्ये गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी न्यूरल नेटवर्क वापरून एका फोटोला दुसऱ्या चित्राची शैली चढवण्याची पद्धत मांडली, तेव्हाही तिच्या मुळाशी दोन वजनंच होती, एक आशयाचं आणि एक शैलीचं. त्यांनी शैली मोजली ती "कोणत्या खुणा कोणत्या खुणांसोबत येतात" या हिशेबाने, आणि त्या हिशेबातून "कुठे" ही माहिती मुद्दाम काढून टाकली. आशय म्हणजे "कुठे काय आहे". आजच्या मॉडेलांची यंत्रणा वेगळी आहे, पण ओढाताण तीच. ओळख पटणं हे सगळं "कुठे" वर अवलंबून असतं: डोळ्यांत किती अंतर, ओठांची कड कुठे वळते. शैलीला त्याची फिकीर नसते.

म्हणून मी आधी शैलीला हातच लावला नाही. फक्त आजी आणि कंट्रोलनेट. इथे कोणता कंट्रोलनेट हा निर्णय शैलीच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो. कॅनी नावाचा प्रकार फोटोतली प्रत्येक तीव्र कड उचलतो, सुरकुत्यांसकट. फोटोत मऊ पडलेली सुरकुती तिथे रेष बनते, आणि वालोतों लागला की त्या रेषेची काळी चीर होते. आजी वीस वर्षांनी म्हातारी दिसायला लागते. खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब ते, मोजणारा प्रकार डोक्याची गोलाई आणि मानेचा कल नीट धरतो, पण चेहऱ्याची ओळख धरत नाही. मधला मार्ग म्हणजे मऊ कडा काढणारा प्रकार. तो चष्म्याची काडी, पापणी, ओठ, जबडा पकडतो आणि बारीक सुरकुत्या सोडून देतो. त्याचा जोर ०.७ ठेवला, आणि `end_percent` ०.७ वर, म्हणजे शेवटच्या टप्प्यात त्याने बाजूला व्हायचं. तो शेवटपर्यंत राहिला तर ठशाची कड कधीच ठशासारखी होत नाही, फोटोची रेष गिरवल्यासारखी दिसत राहते.

दुसरा एक मोह असतो: फोटोच थेट आत घालायचा आणि त्याच्यावर थोडा गोंगाट, म्हणजे विस्कटलेले ठिपके, चढवून तिथून चित्र सुरू करायचं. गोंगाट किती चढवायचा ते ठरवणारं `denoise` ०.६ ठेवलं की आजी अगदी घट्ट राहते. पण फोटोतल्या करड्या छटाही तितक्याच घट्ट राहतात, आणि वालोतोंचं शुद्ध काळं येतच नाही. कितीही जोर वाढवा, काळपट राखाडीच मिळतं. शैलीचं वजन वाढवत नेऊनही ती लागत नाही असं दिसलं, तर दोष शैलीच्या आकड्यात नसतो. खालचा फोटो वर येऊ देत नसतो. मी फोटोच आधी तीन छटांवर आणला (काळं, मधलं, पांढरं), तो आत घातला आणि `denoise` ०.७५ केलं. आता केसांची सावली आणि कोट काळ्यात गेले होते, गाल आणि खिडकीकडचं कपाळ पांढऱ्यात, आणि मधली छटा टर्नरसाठी मोकळी राहिली. शैलीचं अर्धं भांडण इथेच मिटलं.

नमुन्यांचंही थोडं. मॉडेल नमुना पाहतं तेव्हा तो २२४ × २२४ इतका लहान करून, मधला चौरस कापून पाहतं. उभा ठसा दिला तर वरखालचा भाग त्याला दिसतच नाही. शिवाय नमुन्यातला विषय गळतो. टर्नरचं सूर्यास्ताचं चित्र दिलं तर आजीच्या खांद्यामागे पिवळा गोळा उगवतो. वालोतोंचा माणसं असलेला ठसा दिला तर त्याच्यातला चेहरा आजीच्या चेहऱ्यात शिरतो, आणि हे फार हळू, कळणार नाही असं होतं. म्हणून टर्नरमधून मी फक्त आकाशाचा एक चौकोन कापला आणि वालोतोंमधून पडदा आणि भिंत असलेला एक, माणूस नसलेला. अ‍ॅडॅप्टरचा `weight_type` `style transfer` वर ठेवला, म्हणजे नमुना मॉडेलच्या सगळ्या थरांना न जाता शैलीशी जास्त संबंध असलेल्या थरांनाच जातो. गळती थांबत नाही, पण खूप कमी होते.

मग एकेक शैली एकटी. सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, तोच, शब्द तेच, कंट्रोलनेट तोच. फक्त एक आकडा हलतो. वालोतों ०.३ पासून वर नेत गेले. ०.५ ला ठसा दिसायला लागला, ०.९ पर्यंत आजी आजीच होती, १ ला चष्म्याच्या काचा काळे खड्डे झाल्या. टर्नर एकटा ०.७ पर्यंत चालला. त्याच्या पुढे नाकाची बाजू गालात विरघळली आणि चेहरा तरुण झाला. ही "तुटण्याची जागा" प्रत्येक शैलीची वेगळी असते, आणि ती आधी माहीत नसेल तर मिश्रण बिघडल्यावर दोष कुणाचा हे कळायला मार्गच नसतो. काम कंटाळवाणं आहे. पण नंतरचा सगळा वेळ यातच वाचतो.

तुटलंय हे ओळखायचं कसं? माझी रीत अशी की चित्र अर्धपारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवायचं आणि चार गोष्टी पाहायच्या: दोन्ही बुबुळं, नाकाचा तळ, ओठांचे कोपरे, हनुवटी. यांतलं काही सरकलं असेल तर शैली कितीही सुंदर लागली असली तरी मागे यायचं. दुसरी खूण वयाची. मॉडेलची ओढ नेहमी सरासरी चेहऱ्याकडे असते, आणि तो चेहरा तरुण, सममित, चष्मा सरळ बसलेला असा असतो. आजीचा चष्मा नाकावर नीट वर चढलेला दिसला की समजावं, शब्द आणि रेषा दोन्ही हरायला लागलेत. ज्याला माणूस माहीत आहे त्याला चित्र अगदी लहान करून दाखवणं ही तिसरी परीक्षा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात निर्दय.

आता मिश्रण. दोघांच्या तुटण्याच्या जागेच्या साधारण निम्म्यावर सुरू केलं: वालोतों ०.४५, टर्नर ०.३५. चेहरा टिकला, पण चित्र चिखलासारखं झालं. ठसाही नाही, जलरंगही नाही. कोळशाने काढून बोटाने पुसल्यासारखी करडी पोत. जोर कमी पडला असं वाटून दोन्ही वाढवले तर चिखल गडद झाला, इतकंच.

इथे आकड्यांपेक्षा चित्राकडे पाहायला हवं होतं. वालोतों आणि टर्नर दोघंही एकाच गोष्टीवर हक्क सांगतायत: कडेवर. एक म्हणतो कापलेली, दुसरा म्हणतो विरघळलेली. एका म्यानात दोन तलवारी. मॉडेल दोघांचंही थोडं थोडं ऐकतं, आणि अर्धवट विरघळलेली कड म्हणजेच तो कोळसा. जिथे दोन शैली वेगवेगळ्या गोष्टी मागतात (एक रंग, दुसरी रेष) तिथे सम प्रमाणही खपून जातं. जिथे दोघी एकच गोष्ट मागतात तिथे कोणत्याही प्रमाणाने सुटत नाही. कुणाला काय द्यायचं ते ठरवावं लागतं.

वाटणी दोन प्रकारे करता येते. एक जागेने: मास्क लावून चेहऱ्याला ठसा, पार्श्वभूमीला जलरंग. मी तो करून पाहिला. नेटका दिसतो, पण मला ते मिश्रण वाटत नाही. दोन चित्रकारांना शेजारी बसवल्यासारखं वाटतं, आणि खांद्यापाशी सीमारेषा जाणवत राहते. दुसरी वाटणी वेळेने, आणि ती मला जास्त खरी वाटते. चित्र गोंगाटातून टप्प्याटप्प्याने साफ होत जातं. सुरुवातीच्या टप्प्यांत उजेड कुठे, अंधार कुठे, एकूण रंग कोणता हे ठरतं. कड आणि पोत शेवटाकडे. अ‍ॅडॅप्टरला `start_at` आणि `end_at` असतात, त्यामुळे कोणत्या शैलीने कधी बोलायचं हे ठरवता येतं.

मी टर्नरला ० ते ०.५ दिलं आणि वालोतोंला ०.३ ते १. सुरुवातीला टर्नरने खिडकीकडचा उजेड पिवळसर, ओलसर करून ठेवला. मग वालोतोंने येऊन कडा कापल्या. मधल्या ०.३ ते ०.५ मध्ये दोघं एकत्र असतात. ही एकत्र असण्याची पट्टी काढून टाकली तर चित्र दोन तुकड्यांचं दिसतं, रुंद केली तर कोळसा परत येतो. वेळ वाटल्यामुळे दोघांचा जोर एकाच क्षणी अंगावर येत नव्हता, म्हणून आता आकडे वाढवायला जागा मिळाली: वालोतों ०.६५, टर्नर ०.४५. चेहरा हलला नाही. कोट सपाट काळा, त्याची कड सुरीसारखी, आणि कपाळावरून खिडकीकडे जाणारा रंग पाण्यात पसरल्यासारखा.

मग क्रम उलटा केला: वालोतों आधी, टर्नर नंतर. वाटलं होतं थोडाच फरक पडेल. चित्रच वेगळं झालं. काळे-पांढरे भाग ठशाचे, पण प्रत्येक कड भिजलेली, जणू छापलेल्या कागदावर पाणी सांडलं. मैत्रिणीला हे दुसरंच आवडलं. मला नाही, आणि कारण फक्त आवडीचं नव्हतं: शेवटचे टप्पे टर्नरच्या हातात असल्यामुळे पापण्या आणि ओठांचे कोपरे मऊ झाले होते, म्हणजे ओळख जिथे राहते नेमकी तीच जागा. शेवटी जो बोलतो तो चेहऱ्याचे बारकावे ठरवतो. तिला ते दाखवलं, फोटोवर चित्र ठेवून. "अगं, हसतेय ना ही, फोटोत हसत नाहीये," ती म्हणाली, आणि पहिलं घेतलं.

तीळ मात्र कुठल्याच आकड्याने आला नाही. याचं कारण साधं आहे. १०२४ × १०२४ च्या चित्रावर मॉडेल प्रत्यक्षात १२८ × १२८ च्या जाळीत काम करतं. जाळीतला एक चौकोन म्हणजे चित्रातले ८ × ८ बिंदू. आजीचा चेहरा चित्रात साधारण ३२० बिंदू रुंद होता, म्हणजे जाळीत चाळीस चौकोन. डोळ्याला आठ-नऊ मिळतात, तिळाला धड एकही नाही. चेहरा याहून लहान असता, समजा पूर्ण उंचीची आकृती असती, तर तिळाबरोबर डोळेही गेले असते, आणि तिथे शैलीचं वजन कमी-जास्त करून काहीच साधत नाही. अशा वेळी चेहरा चौकटीत मोठा घ्यायचा, किंवा तेवढाच भाग कापून, मोठा करून, त्याच शैलींनी पण कमी जोराने पुन्हा काढायचा आणि परत बसवायचा. मी तसं केलं, `denoise` ०.३५ वर, टर्नर पूर्ण बंद करून. डोळे आणखी नेमके झाले. तीळ मी हाताने टाकला.

पुढे तिने आजोबांचाही फोटो पाठवला. जोडीने लावायचे म्हणून हेच आकडे, हाच क्रम, हेच नमुने. आजोबांना दाट काळी दाढी आणि गडद टोपी. तीन छटांवर आणल्यावरच फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग काळ्यात गेला. वालोतोंला ०.६५ वर काळं करायला आणखी जागा मिळाली, आणि दाढी, टोपी, कोट एकाच काळ्या ढिगात गेले. चेहरा त्यात नाक आणि एक गाल इतकाच उरला. फोटो करताना काळ्याची हद्द खाली आणून दाढी मधल्या छटेत ढकलली, वालोतों ०.४ वर आणला आणि कंट्रोलनेटचा `end_percent` ०.८५ पर्यंत लांबवला, म्हणजे दाढीची कड टिकेल. टर्नर ०.४५ वरच राहिला. भिंतीवर शेजारी लावल्यावर दोघांचा ठसा सारखाच गडद दिसतो, पण आकड्यांत आजोबांकडे तो बराच कमी आहे.